नाव त्याचं, शिट्टी माझी

मुकुंदवाडीच्या बाजूच्या एका शाळेत मी नऊ वर्षं मुलींना फुटबॉल शिकवला. त्यातली आठ वर्षं मला कुणी कागद विचारला नाही. नवव्या वर्षी विचारला, आणि त्या कागदापायी जे झालं ते मी इथं लिहितो आहे. त्यात माझी चूक आहेच. पण ती माझ्या एकट्याची होती, असं म्हणणाऱ्यांशी माझं अजून भांडण आहे.

माझं जुन्या मोटरसायकलींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बाप हमाल होता. दुकान मी शून्यातून उभं केलं, घासाघीस करून. तरुणपणी मी शहराच्या संघातून सेंटर हाफ, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळलो. दहा वाजता शटर वर जायचं, त्याआधीचा वेळ माझा होता, आणि तो मी त्या शाळेला दिला. सुरुवातीला सात मुली होत्या, त्यातल्या तिघी चपलांवर आलेल्या. घरोघरी जाऊन आयांशी बोलणी केली. कुणाला सांगितलं, पोरगी साडेआठला परत येईल. कुणाला सांगितलं, सलवारवर खेळू द्या, चड्डीचं नंतर बघू. सौदा जमवणं मला येतं. सहाव्या वर्षी आमचा संघ जिल्ह्यात पहिला आला.

मग मुलींची पंधरा वर्षांखालची लीग सुरू झाली आणि आमच्या मुख्याध्यापिका मॅडमनी मला नियमांची प्रत दिली. एका ओळीखाली त्यांनी पेनाने रेघ ओढली होती. मुख्य प्रशिक्षकाकडं सी-लायसन हवं. डी असलेला माणूस सहाय्यक म्हणून बसू शकतो.

माझ्याकडं डी होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खेळणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, असं आता मानतात. सगळ्यात खाली ई, ते लहान मुलांच्या खेळापुरतं, एकदोन दिवसांत होतं. मग डी, ते आठवडाभराचं: नियमांचा लेखी पेपर आणि मैदानावर शिकवून दाखवणं. त्याच्यावर सी, मग बी, ए आणि शेवटी प्रो. एक पायरी गाळून वरची मिळत नाही. तुम्ही किती खेळलात, कुणाला हरवलंत, याला तिथं फारशी किंमत नाही. डी झाल्यावर काही काळ संघ शिकवायचा, मग सीला अर्ज. सीचा अभ्यास तुकड्यांत होतो. मधल्या काळात आपल्या संघावर काम करायचं, रोजच्या सरावाचा आराखडा लिहायचा, आणि शेवटी परीक्षक समोर उभे असताना शिकवून दाखवायचं.

मी सीला बसलो होतो, आदल्याच वर्षी. चिठ्ठी काढली, विषय आला गोलकीपरपासून खेळ उभारत नेणं. बाकीचे उमेदवार माझे खेळाडू. पंचवीस मिनिटांत मी खेळ चौदा वेळा थांबवला, असं परीक्षकानं मोजून ठेवलं होतं. तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. म्हणाला, "सर, तुम्ही खेळाडूंकडं बघत नव्हता. तुमच्या मनातल्या खेळाकडं बघत होता."

मी म्हणालो, "बरं, हे राहू द्या. वहीचं बघा, लेखीचं बघा. दोन्हीत चांगलं आहे. मधलं काहीतरी काढा."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

निकालावर नापास लिहीत नाहीत. 'अजून सक्षम नाही' असं लिहितात. ठरलेल्या मुदतीत आपल्या संघावर पुन्हा शिकवून दाखवता येतं. मी दुकानदार माणूस. 'अजून' हा शब्द मी गिऱ्हाइकाला परत पाठवताना वापरतो. रागाच्या भरात मी तो कागद तिथंच चार जणांसमोर फाडला आणि मुदत घालवली. त्याच तुकडीत माझा एक मित्र पास झाला. मैदानावर तो माझ्या उजवीकडं खेळायचा, छावणीत राहतो, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका शाळेत पगारी कोच आहे. खेळाडू म्हणून तो माझ्या निम्म्यानंही नव्हता. हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळं इथं लिहायला हरकत नाही.

त्याची शाळा मुलींच्या लीगमध्ये नव्हती. म्हणजे त्याचं नाव मोकळं होतं. मी त्याला क्रांती चौकात चहाला बोलावलं.

"नाव दे," मी म्हणालो. "मुख्य प्रशिक्षक म्हणून तुझं टाकू. बाकी मी बघतो."

"नाव काय वाटीभर साखर हाय का शेठ, शेजारी मागितली आन् दिली?" मला तो शेठच म्हणतो, चिडवायला.

"मेडिकलवाले काय करतात? भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं, गल्ल्यावर दुसराच. चाललंय की सगळ्या गावात."

"चालतंय. चुकीची गोळी गेली की कुनाला धरतात, ते बी इचार त्यान्ला." त्यानं बशी पुसली. "मी येतो. पन आठवड्याला चार दिवस सराव मी घेनार. तू माझ्या बाजूला."

चार दिवस म्हणजे संघ त्याचा झाला. मी त्याला लांबचा रस्ता, पेट्रोल, त्याच्या शाळेचा वेळ, सगळं दाखवलं. चारावरून तीनावर आणलं, तीनावरून एकावर. शेवटी ठरलं की तो फक्त सामन्याच्या दिवशी येईल, बाकावर बसेल आणि बोलणार नाही. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सौद्यांपैकी तो एक आहे, असं मला तेव्हा वाटलं.

एका गोष्टीवर मात्र तो अडून बसला. "पोरगी पडली, लागलं, तर शब्द माझा. सामन्यात बी, सरावात बी. त्यात घासाघीस नाय."

सौदा मिटताना गिऱ्हाईक एखादा नट-बोल्ट फुकट मागतं, तसा मी तो देऊन टाकला. "बरं बाबा, तुझा शब्द."

लीगवाले सरावाची वही कधीही मागू शकतात, असं मॅडमनी सांगितलं होतं. तारीख, विषय, मुलींची हजेरी, मुख्य प्रशिक्षकाची सही. सराव मी घ्यायचो आणि सही त्याची करायचो. त्याला विचारलं नव्हतं. त्याची सही सोपी आहे, एक वळण आणि खाली दोन टिंबं. पहिल्या दिवशी हात जरा अडखळला, मग सवय झाली. मॅडम वही बघून शिक्का मारायच्या. शिक्का ओला असायचा म्हणून मी पान लगेच मिटत नसे.

आमची कप्तान नववीत होती. माझ्याच जागेवर खेळायची, सेंटर हाफ. वडील नव्हते, आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पहिल्या पाळीला पोळ्या लाटायची, त्यामुळं पोरगी सरावाला सगळ्यांच्या आधी यायची आणि फाटकाशी उभी राहायची. उंच चेंडू तिचा. समोरून कुणीही येवो, ही डोकं घालणारच. मी तिला तसंच शिकवलं होतं. मित्र पहिल्या सामन्याला आला तेव्हा तिला बघून म्हणाला, "ही लय भारी हाय. पन हिला डोळे मिटायची सवय हाय, बघितलं का? चेंडू आला की मिटते. कुनाच्या तरी डोक्याला धडकनार."

"बोलायचं नाही असं ठरलंय," मी आठवण दिली.

पहिले दोन सामने आम्ही जिंकलो आणि त्यानंतर तो खरंच एक शब्द बोलला नाही. त्याचं ते गप्प बसणं मला आवडायला हवं होतं. पण बाकावर शेजारी बसून एक माणूस प्रत्येक उंच चेंडूला श्वास धरतोय, हे मला ऐकू यायचं.

तिसऱ्या सामन्यात, रविवारी, कॉर्नरला ती उडाली आणि समोरची पोरगीही उडाली. आवाज बाकापर्यंत आला. लाकडावर लाकूड पडावं तसा. दुसरी रडत उठली. आमची रडली नाही. बसली, उठली, हाताने केस मागं सारले आणि चालू लागली. पण ती चुकीच्या बाजूला चालली होती.

मी तिच्याकडं नीट बघेपर्यंत मित्र रेषेच्या आत गेला होता. पंचाला विचारून त्यानं तिच्यासमोर गुडघे टेकले. काय विचारलं ते मला नंतर मुलींनी सांगितलं: कोणाशी सामना आहे, मागचा गोल कुणी मारला. तिनं उत्तर दिलं, पण मागच्या सामन्याचं.

"बदल," तो मला म्हणाला.

"दोन मिनिटं बसव, पाणी दे. येईल ती. वीस मिनिटं राहिलीत."

"शेठ, कागदावर नाव माझं हाय. बदल."

मी बदली खेळाडू पाठवली नाही. त्यानंच पाठवली. आम्ही एक गोल खाल्ला आणि हरलो. बाकामागं मी त्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मुलींनी ते ऐकलं, याचं आता वाईट वाटतं. तो शांत होता. पोरीच्या आईला फोन लावून त्यानंच सांगितलं: डॉक्टरला दाखवा, आज हिला एकटं झोपू देऊ नका, दोन आठवडे खेळ नाही, आणि नंतरही डॉक्टरनं लिहून दिल्यावरच. फोन ठेवून मला म्हणाला, "पुढच्या रविवारी ही नाय. सरावाला बी नाय. ठरलंय आपलं."

सोमवारी आईनं जवळच्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनीही तेच सांगितलं: आराम, आणि उलटी किंवा झोपाळूपणा दिसला तर मोठ्या दवाखान्यात. तसं काही दिसलं नाही. पुढच्या रविवारचा सामना हरलो तर आम्ही बाहेर, आणि सेंटर हाफला माझ्याकडं दुसरी नव्हती. हे मला मंगळवारभर दुकानात दिसत राहिलं. एका गिऱ्हाइकाला मी क्लच प्लेटऐवजी ब्रेक शू काढून दिले.

बुधवारी सकाळी ती फाटकाशी उभी होती. नेहमीसारखी, सगळ्यांच्या आधी.

"आईला विचारलंस?"

"आई कामावर गेली सर. मला काही होत नाय. दुखत बी नाय."

"डोकं?"

"नाय."

तिच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. तिनं हात आडवा धरला होता. ऊन तेव्हा फार नव्हतं. हे मी बघितलं. बघितलं नाही असं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तिला म्हणालो, नुसती उभी राहा, बाकीच्यांना जागा कळायला. दहा मिनिटं ती नुसती उभी राहिली. मग मी कॉर्नरचा सराव लावला आणि तिला म्हणालो, उडू नकोस, फक्त जागा धर. पण चेंडू वरून आला की ती न उडता राहणार नाही, हे तिला शिकवणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. तिसरा चेंडू तिच्यावर आला. डोळे मिटून तिनं डोकं घातलं. समोर कुणीच नव्हतं, धडक नाही, काही नाही. चेंडू हलकाच लागला. ती उभीच राहिली, आणि मग सावकाश खाली बसली, कपडे मळू नयेत म्हणून कुणी बसावं तशी. तिला उलटी झाली. एका मुलीनं तिचं नाव घेतलं तर तिनं मागं वळून बघितलं, आवाज पुढून आला होता तरी.

मोटरसायकलवर मध्ये तिला आणि मागं एका मोठ्या मुलीला बसवून मी दवाखान्यात नेलं. रस्ताभर ती एकच विचारत होती, "सर, सामना संपला का?" मी दर वेळी हो म्हणालो.

डोक्याचा फोटो काढला. आत रक्त नव्हतं. दोन दिवस तिला ठेवून घेतलं. डॉक्टरीण बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला. हिला बराच काळ त्रास होईल. किती, ते मी सांगू शकत नाही." तिची आई कँटीनचा ॲप्रन घालूनच आली होती. ती माझ्या बाजूनं सरळ खाटेकडं गेली. मला बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं, आणि उत्तर देण्यात मी कमी पडत नाही.

गुरुवारी मॅडमनी बोलावलं. टेबलावर वही उघडी होती. बुधवारच्या पानावर विषय कॉर्नर, हजेरीत कप्तानचं नाव आणि खाली मित्राची सही. ती मी सराव सुरू व्हायच्या आधीच करून ठेवायचो, वेळ वाचायला.

"बुधवारी सराव यांनी घेतला?" मॅडमनी सहीवर बोट ठेवलं.

"मी घेतला. ते... नाव त्यांचं असतं."

"सही कुणाची आहे?"

मी म्हणालो, "त्यांचीच."

का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सौद्यात पहिला आकडा जसा तोंडातून आपोआप जातो, तसा तो गेला. मग तो मागं घेता येत नाही, नाहीतर माणूस कच्चा ठरतो.

दुपारी मित्र दुकानावर आला. मॅडमनी त्याला फोन केला होता. तो काउंटरच्या बाहेरच उभा राहिला.

"बुधवारी सकाळी सातला मी कुठं होतो, शेठ?"

"तुझ्या शाळेत."

"तिथं बी रजिस्टर हाय. तिथं माझी सही हाय, माझ्या हातची. म्हंजे मी एका टायमाला दोन मैदानावर होतो. फरिश्ता झालो मी." तो हसला नाही. "पोरगी कशी हाय?"

मी सांगितलं. मग मी बोलणी सुरू केली. म्हणालो, तू एवढंच सांग की बुधवारी उशिरा येणार होतास. आराखडा तुझा होता, मी तो राबवला. अपघात झाला. दोघं वाचतो. लीग संपली की वही बंद.

"माझ्या आराखड्यात ती पोरगी नव्हती."

"कागदावर कुठं लिहिलंय?"

"नाय लिहिलेलं," तो म्हणाला. "तुला तोंडानं सांगितलं होतं. चूक झाली माझी. आन् त्याच्या आधीची मोठी चूक, चारावरून मी खाली आलो."

संध्याकाळपर्यंत त्यानं मॅडमना आणि लीगच्या समितीला पत्र दिलं. नाव मी वापरायला दिलं, सराव घेत नव्हतो, वहीतल्या सह्या माझ्या नाहीत. स्वतःला त्यानं कुठं वाचवलं नव्हतं. माझं नाव मात्र एका वाक्यात होतं, आणि ते वाक्य मला पाठ आहे. "मला त्यांनी कबूल केलेली एकच अट पाळली गेली नाही." संघ लीगमधून काढला. त्याची नोंदणी त्या मोसमापुरती थांबवली, त्याच्या शाळेनं त्याला कारण विचारलं आणि तो बीला अर्ज करणार होता तो राहिला. मला मॅडमनी मैदानावर येऊ नका म्हणून सांगितलं. नऊ वर्षांचा हिशेब कुणी काढला नाही. मित्र मला एक दिवस द्यायला तयार नव्हता. एक दिवस थांबला असता तर मी काहीतरी जुळवलं असतं, असं मला आजही वाटतं. काय जुळवलं असतं, ते सांगता येत नाही.

पुढच्या हंगामात सीच्या जागांची घोषणा झाली. मी अर्ज भरायला बसलो. त्यात एक रकाना आहे: सध्या कोणता संघ शिकवता, आणि संस्थेचं पत्र. संघाशिवाय मधल्या काळातलं काम कुणावर करणार? ज्याच्याकडं सी नाही त्याला संघ नाही, आणि ज्याला संघ नाही त्याला सी नाही. मी शाळेत गेलो.

मॅडमनी बसायला सांगितलं. "पत्र देईन," त्या म्हणाल्या. "तुम्ही नऊ वर्षं दिलीत, ते मी विसरलेली नाही. पण आधी तुम्ही एक लिहून द्या. त्या बुधवारची सही कुणी केली."

"मॅडम, समितीनं ते मिटवलंय. आता पुन्हा कशाला? त्याच्याऐवजी मी वर्षभर बिनपगारी येतो, तुम्ही नेमाल त्या कोचच्या हाताखाली."

"मी किंमत विचारली नाही, सर."

त्यांनी कोरा कागद पुढं केला. पेन माझ्या खिशात होतं. मी म्हणालो, विचार करून आणतो. मग त्यांनी कागद परत फायलीत ठेवला.

बाहेर मैदानावर सराव चालू होता. आता एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी शिकवते, तिच्याकडं डी आहे, लीगबाहेरच्या संघाला ते चालतं, आणि ती सीची तयारी करते आहे. ती खेळ कमी थांबवत होती, हे मला दिसलं. रेषेबाहेरच्या बाकावर आमची कप्तान बसली होती, गुडघ्यांवर वही, डोक्यावर टोपी पुढं ओढलेली. तिला खेळायची परवानगी अजून नव्हती. ती कोचसाठी पासेस मोजत होती. मी फाटकाशी थांबलो. तिनं मला बघितलं की नाही, ते कळलं नाही.

कुणीतरी चेंडू उंच मारला. सगळ्या मुलींच्या माना वर गेल्या. तिनं मान खाली घातली, दोन्ही हात टोपीवर धरले आणि चेंडू जमिनीवर आपटल्याचा आवाज येईपर्यंत तशीच राहिली.